250 शब्द आणि गळालेली 40 माणसं

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण घरात कुणाला बायपोलरचा त्रास असेल तर नक्की वाचा.)

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती एका शासकीय मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभागात एमडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आवाज रडवेला.

"मामा, 338 शब्द झालेत. 250 च्या वर एक शब्द गेला तरी पोर्टल घेत नाही. बारा वाजता बंद होणार आहे. तू बघ ना जरा."

मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर घरातल्या आणि शेजारच्या डॉक्टर मुलांची गणितं तपासून देणं हा माझा जोडधंदा आहे, म्हणजे मोबदला चहा. पण या विषयाशी माझं दुसरंही नातं आहे. माझ्या मोठ्या भावाला गेली एकतीस वर्षं बायपोलर आहे. त्याची परवानगी घेऊनच हे लिहितोय. तो म्हणाला, "लिही, फक्त मला बिचारा करू नकोस."

भाचीचा अभ्यास नेमका त्याच आजारावर होता. बायपोलरचे रुग्ण आजार शांत असताना निवडायचे, त्यांची झोप कशी आहे ते नोंदवायचं, आणि मग वर्षभर त्यांच्या मागोमाग चालत जाऊन कुणाचा आजार उलटतो ते पाहायचं. अशा अभ्यासाला कोहॉर्ट म्हणतात. औषध देऊन प्रयोग करायचा नाही, नुसतं डोळे उघडे ठेवून सोबत चालायचं. परिषदेला पाठवायचा तो या सगळ्याचा गोषवारा. दोन वर्षांचं काम अडीचशे शब्दांत.

त्या रात्री आमचं जे काही बोलणं झालं, त्यावरून माझं एक मत पक्कं झालं. शब्दमर्यादा वाईट नाही. वाईट आहे ती त्या मर्यादेत काय ठेवायचं आणि काय कापायचं याची आपली रीत. आणि त्या कापाकापीचे घाव शेवटी माझ्या भावासारख्यांच्या घरात पडतात.

ते कसे पडतात, ते आधी सांगतो.

साधारण दोन वर्षांपूर्वी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक कात्रण आलं. कुठल्याशा परिषदेत सादर झालेल्या संशोधनाची बातमी. सार एवढंच, की झोप बिघडलेल्या बायपोलर रुग्णांचा आजार दुपटीने उलटतो. खाली कुणीतरी हात जोडलेले. वहिनीने ते वाचलं आणि त्या रात्रीपासून पहारा सुरू केला. दादा झोपलाय का, कूस बदलतोय का, किती वाजता उठला, सगळं वहीत. मोबाइलचा टॉर्च तोंडावर मारून बघायची. आठवड्याभरात दोघांची झोप गेली. दादा मला फोनवर म्हणाला, "मी झोपलोय की नाही हे बघायला ही मला उठवते रे."

वहिनीचं काही चुकलं नव्हतं. तिच्यापर्यंत जे पोचलं, त्यावर तिने वागून दाखवलं. पोचलंच अर्धवट होतं.

आता भाचीच्या गोषवाऱ्याकडे येतो. तिचे खरे आकडे अजून तिच्या विभागाचे आहेत, ते मी इथे देणार नाही. हिशोब समजावा म्हणून मी सोपे आकडे बनवून घेतलेत. खालचे सगळे आकडे बनवलेले आहेत हे लक्षात ठेवा, पण अशा अभ्यासांत घडतं ते हुबेहूब असंच.

समजा 200 रुग्ण घेतले. सगळ्यांचा आजार किमान आठ आठवडे शांत. सुरुवातीला झोपेची प्रश्नावली भरून घेतली. तीत 80 जणांची झोप बिघडलेली निघाली, 120 जणांची बरी. वर्षाअखेर 160 जण हाती राहिले: बिघडलेल्या झोपेचे 60, बऱ्या झोपेचे 100. पहिल्या गटातल्या 60 पैकी 24 जणांचा आजार उलटला, दुसऱ्या गटातल्या 100 पैकी 20 जणांचा.

तिच्या पहिल्या मसुद्यात यातलं काय होतं? "झोपेच्या बिघाडामुळे आजार उलटण्याचा धोका लक्षणीयरीत्या वाढतो, ऑड्स रेशो 2.67, पी 0.006." बस्स. 24 नाही, 60 नाही, 20 नाही, 100 नाही, आणि ते 200 तर नाहीतच.

मी म्हटलं, "हे पावणेतीन कुठून आलं?"

"सॉफ्टवेअरने दिलं."

सॉफ्टवेअरने बरोबरच दिलं, पण ते काय आहे ते बघा. पहिल्या गटात 24 उलटले आणि 36 नाही उलटले, हे प्रमाण 0.67. दुसऱ्या गटात 20 उलटले, 80 नाही, हे प्रमाण 0.25. एकाला दुसऱ्याने भागलं की 2.67. हा ऑड्स रेशो. पण तुम्ही-आम्ही धोका म्हणतो तेव्हा शंभरात किती, असं म्हणतो. पहिल्या गटात शंभरात 40, दुसऱ्यात शंभरात 20. म्हणजे दुप्पट, पावणेतीन पट नव्हे. घटना क्वचित घडणारी असेल तर हे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात. पण बायपोलरमध्ये आजार उलटणं क्वचित नाही, म्हणून इथे ते फाकतात. वाचणारा मात्र 2.67 वाचतो आणि मनात "पावणेतीन पट धोका" असंच लिहून घेतो. डॉक्टर वाचणाराही, थकलेला असेल तर.

आणि दुप्पट म्हटलं तरी काय कळलं? दोनाचे चार झाले तरी दुप्पट आणि वीसाचे चाळीस झाले तरी दुप्पट. वहिनीने दुप्पट वाचलं आणि तिच्या मनात "आता उलटणारच" झालं. तेच वाक्य असं लिहा: झोप बिघडलेल्या शंभरांपैकी 40 जणांचा आजार वर्षभरात उलटला, 60 जणांचा नाही उलटला. झोप बरी असलेल्या शंभरांतल्याही 20 जणांचा उलटला. संशोधन तेच आहे. पण आता त्यातून दोन गोष्टी दिसतात. झोप बिघडलेली असूनही बहुतेकांचं वर्ष नीट गेलं. आणि झोप चांगली म्हणजे आपण सुटलो, असंही नाही.

हे लिहायला इंग्रजीत फार तर दहा-बारा शब्द जादा लागतात. मी भाचीला ते लिहायला लावले.

"मग कापू काय?" ती म्हणाली.

तिच्या मसुद्याची पहिली तीन वाक्यं अशी होती: बायपोलर हा गंभीर आजार आहे, त्याचं कुटुंबावर आणि समाजावर मोठं ओझं आहे, आणि झोप हा त्यातला महत्त्वाचा पण दुर्लक्षित पैलू आहे. मोजले तर 51 शब्द. म्हटलं, ही परिषद मानसोपचारतज्ज्ञांची आहे ना? त्यांना बायपोलर गंभीर आहे हे कळवायला तू चाललीयेस का? गेलं. मग सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती गेली. वय, शिक्षण, वैवाहिक स्थितीची सरासरी गेली. सगळ्यात शेवटचं "यावर अधिक संशोधनाची गरज आहे" हे वाक्य गेलं. ते कुठल्याही गोषवाऱ्याच्या शेवटी चिकटवता येतं, म्हणजेच ते काहीच सांगत नाही. जवळजवळ शंभर शब्द मोकळे झाले. बारा शब्द जड कसे होतील?

आता या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ती गळालेली 40 माणसं.

तिच्या मसुद्यात अभ्यास सुरूच होत होता "160 रुग्णांपासून". मी विचारलं, घेतले किती होते? "दोनशे. पण चाळीस जण फॉलोअपला आलेच नाहीत मामा, त्यांचं काय लिहिणार?"

हाच तर प्रश्न आहे. शासकीय ओपीडीत फॉलोअपला न येणारा माणूस कोण असतो? कुणी कामासाठी पुण्या-मुंबईला गेला. कुणाची औषधं गावातल्या डॉक्टरकडे मिळायला लागली. आणि कुणी आला नाही कारण त्याचा आजार उलटला, तो घरातून निघून गेला, किंवा दुसऱ्या दवाखान्यात भरती आहे. आपण जे मोजायला बसलोय, नेमकं त्याच कारणाने माणूस यादीतून गळतो.

आपल्या उदाहरणात दोन्ही गटांतून 20-20 जण गळाले. पण बिघडलेल्या झोपेच्या गटात ते 80 पैकी 20 होते, म्हणजे चारातला एक. बऱ्या झोपेच्या गटात 120 पैकी 20, म्हणजे सहातला एक. आता दोन टोकं धरून पाहू. समजा पहिल्या गटातले गळालेले सगळे उलटले आणि दुसऱ्यातले एकही नाही. मग 80 पैकी 44 विरुद्ध 120 पैकी 20, म्हणजे 55 टक्के विरुद्ध 17 टक्के, तिपटीहून जास्त. समजा उलट घडलं. मग 80 पैकी 24 विरुद्ध 120 पैकी 40, म्हणजे 30 टक्के विरुद्ध 33 टक्के. फरक पुसलाच गेला, उलट किंचित दुसऱ्या बाजूला झुकला.

ही दोन्ही टोकं खरी असण्याची शक्यता कमी आहे, खरं कुठेतरी मध्ये असणार. पण वाचणाऱ्याला हे कळायला हवं की "दुप्पट" हा आकडा न दिसणाऱ्या 40 माणसांच्या खांद्यावर उभा आहे. त्यासाठी किती शब्द लागतात? "200 पैकी 160 जणांचा पाठपुरावा पूर्ण, प्रत्येक गटातून 20 जण गळाले." एवढंच. ते न लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नाही, पण वहिवाटीच्या रस्त्यावरचा खड्डा पाचोळ्याने झाकण्यासारखं आहे.

तिसरा मुद्दा जरा सावकाश वाचा, कारण तो दादाच्या वहीशी थेट जोडलेला आहे. आधी काय झालं आणि मागून काय?

बायपोलरमध्ये उन्मादाचा झटका येऊ लागला की झोप कमी होते. हे त्या आजाराचं लक्षणच आहे, निदानाच्या निकषांत ते लिहिलेलं आहे. नैराश्याच्या झटक्यातही झोप बिघडते. मग सुरुवातीच्या दिवशी कुणी सांगितलं की माझी झोप बिघडली आहे, आणि तीन आठवड्यांनी त्याचा आजार उलटला, तर झोपेने आजार उलटवला, की उलटणं आधीच सुरू झालं होतं आणि झोप ही त्याची पहिली खूण होती? पावसाआधी मुंग्या अंडी घेऊन निघतात. मुंग्यांनी पाऊस आणला असं आपण म्हणत नाही.

हे ताडून पाहायची एक साधी रीत आहे. पहिल्या चार आठवड्यांत उलटलेले रुग्ण बाजूला ठेवा आणि परत मोजा. आपल्या उदाहरणात समजा पहिल्या गटातल्या 24 पैकी 9 आणि दुसऱ्या गटातल्या 20 पैकी 2 पहिल्याच महिन्यात उलटले होते. ते काढले की राहतात 51 पैकी 15 आणि 98 पैकी 18. म्हणजे 29 टक्के विरुद्ध 18 टक्के. दुपटीचं 1.6 पट झालं. आणि एवढ्या कमी माणसांत त्या 1.6 भोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा 0.9 पासून 2.9 पर्यंत जातो. त्यात 1, म्हणजे "काहीच फरक नाही", हेही बसतं. याचा अर्थ झोपेचा संबंध नाही असा नव्हे. याचा अर्थ एवढाच, की एवढ्या अभ्यासावरून छातीठोक बोलता येत नाही.

यात आणखी एक बारीक गोम आहे. आजार उलटला हे ठरवलं कसं? पुष्कळ अभ्यासांत ठरावीक मोजपट्ट्या वापरतात आणि गुण एका रेषेवर गेले की उलटला असं धरतात. उन्मादासाठीच्या यंग मोजपट्टीत 11 प्रश्न आहेत, त्यातला एक झोपेचा. नैराश्यासाठीच्या हॅमिल्टन मोजपट्टीच्या 17 प्रश्नांत तीन प्रश्न निद्रानाशाचे. म्हणजे ज्याची झोप बिघडलेली तो रेषेच्या जवळ आधीच उभा. झोपेने झोपच मोजली आणि संबंध सापडला म्हणून टाळ्या! म्हणून गोषवाऱ्यात "उलटणे" म्हणजे काय धरलं हे लिहायलाच हवं. भाचीने तसं मोजलं नव्हतं, हे तिचं कौतुक. रुग्णाच्या झोपेचे गुण ठाऊक नसलेल्या डॉक्टरने मुलाखत घेऊन ठरवलं होतं. पण ही तिच्या अभ्यासातली सगळ्यात भक्कम गोष्ट तिने जागा नाही म्हणून कापली होती! आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती ठेवली होती.

आणि चौथं. "झोपेचा बिघाड" हा एक शब्द आहे, पण त्याखाली निदान तीन वेगळी दुखणी राहतात. एक, झोप हवी आहे, अंग दमलंय, पण डोळा लागत नाही. दोन, झोपेची गरजच वाटत नाही. तीन तास झोपून माणूस पहाटे ताजातवाना, शीळ घालत उठतो आणि घर रंगवायला काढतो. तीन, दहा-बारा तास झोपूनही उठवत नाही. दादाच्या बाबतीत पहिला प्रकार म्हणजे नेहमीची काळजी. दुसरा प्रकार म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. हे आम्ही एकतीस वर्षांत ठेचा खाऊन शिकलो.

भाचीने वापरलेली प्रश्नावली पीएसक्यूआय नावाची आहे. जगभर वापरतात, 1989 पासून. गेल्या महिन्याची झोप कशी होती हे रुग्ण स्वतः सांगतो, 0 ते 21 गुण मिळतात, 5 च्या वर गेले की झोप बिघडलेली. प्रश्नावली चांगली आहे. पण तो एक एकूण गुण पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातला भेद सांगत नाही. किंबहुना दुसऱ्या प्रकारचा माणूस "माझी झोप झकास आहे" असंही लिहील. मग गोषवाऱ्यात निदान प्रश्नावलीचं नाव आणि रेषा तरी द्या, म्हणजे जाणकाराला कळेल की इथे पहिला प्रकारच जास्त मोजला गेलाय.

हा भेद पुस्तकी नाही. साध्या निद्रानाशावर एक उपचार असा असतो की अंथरुणातला वेळच मुद्दाम कमी करायचा, म्हणजे झोप गाढ लागते. बायपोलरच्या माणसाला हे सरसकट करायला गेलात तर झोप तुटून उन्मादाला वाट मिळू शकते. म्हणून या आजारात तो उपचार जपून, बदल करून देतात. बर्कलीच्या संशोधकांनी 2015 मध्ये असा बदललेला झोपेचा उपचार बायपोलरच्या 58 जणांवर करून पाहिला. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत उन्मादाकडे उलटण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा बरंच कमी दिसलं. लहान अभ्यास आहे, पण दिशा महत्त्वाची आहे. तिथे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले होते आणि झोप सुधारून काय होतं ते पाहिलं होतं. नुसतं सोबत चालणाऱ्या कोहॉर्टला तेवढं बोलायचा अधिकार नाही. म्हणून भाचीच्या वाक्यातलं "झोपेच्या बिघाडामुळे धोका वाढतो" काढून "झोपेचा बिघाड असलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं" असं केलं. "मुळे" हा दोन अक्षरांचा प्रत्यय फार महाग आहे.

साडेअकराला गोषवारा तयार झाला. मूळ इंग्रजीत आहे, पण आपल्या बनवलेल्या आकड्यांनी मराठीत तो साधारण असा दिसेल:

"उद्देश: बायपोलर आजार शांत असताना झोप बिघडलेली असणं आणि पुढच्या 12 महिन्यांत आजार उलटणं यांचा संबंध तपासणे. पद्धत: एका शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीतले, किमान 8 आठवडे आजार शांत असलेले 200 प्रौढ. सुरुवातीला पीएसक्यूआय, 5 पेक्षा जास्त गुण म्हणजे बिघडलेली झोप. झोपेचे गुण ठाऊक नसलेल्या डॉक्टरने दरमहा मुलाखत घेऊन उन्माद किंवा नैराश्याचा नवा झटका ठरवला. निष्कर्ष: 160 जणांचा पाठपुरावा पूर्ण; बिघडलेल्या झोपेच्या 80 पैकी 20 आणि बऱ्या झोपेच्या 120 पैकी 20 गळाले. आजार उलटला: 60 पैकी 24 (40 टक्के) विरुद्ध 100 पैकी 20 (20 टक्के), धोक्याचं गुणोत्तर 2.0, पट्टा 1.2 ते 3.3. पहिल्या 4 आठवड्यांत उलटलेले वगळता 1.6, पट्टा 0.9 ते 2.9. अर्थ: आजार शांत असताना बिघडलेली झोप ही उलटण्याची पूर्वखूण असू शकते, ती कारण आहे असं यावरून म्हणता येत नाही. गळती, आणि शिल्लक राहिलेली सौम्य लक्षणं यांमुळे संबंध कमी-जास्त दिसू शकतो."

मोजून बघा, अडीचशेच्या खूप आत आहे. जागा उरली.

भाची खूश व्हायला हवी होती. ती गप्प होती. मग म्हणाली, "मामा, सर म्हणतील आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतलाय. निवडणारे एका गोषवाऱ्याला दोन मिनिटं देतात. 2.67 आणि पी 0.006 दिसलं की व्यासपीठावर बोलायला मिळतं. 'म्हणता येत नाही' दिसलं की पोस्टरच्या रांगेत."

तिच्या सरांना मी दोष देत नाही. ते खेळाचे नियम ओळखून आहेत. पण म्हणूनच हा प्रश्न एकट्या भाचीचा नाही, नियम करणाऱ्यांचा आहे. अशा निरीक्षणात्मक अभ्यासांचा परिषदेचा गोषवारा कसा लिहावा याची स्ट्रोब नावाची यादी उपलब्ध आहे, फुकट आहे. एकूण किती जण होते, आकडा किती अनिश्चित आहे, सापेक्ष धोका खऱ्या धोक्यात उलगडून सांगता येतो का, हे सगळं तीत आहे. आयोजकांनी पोर्टलवर चार रकाने सक्तीचे करावेत: घेतले किती, शेवटपर्यंत राहिले किती, प्रत्येक गटात घटना किती, आणि घटना म्हणजे काय धरलं. हे रकाने 250 च्या बाहेर ठेवा. आज लेखकाचं नाव आणि पत्ता शब्दमर्यादेबाहेर असतो, गळालेल्या माणसांना तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, एवढं काय, गोषवारा म्हणजे नुसती झलक, पुढे पूर्ण शोधनिबंध येतोच की. येत नाही! कॉक्रेनच्या 2018 च्या आढाव्यात तीन लाखांहून जास्त गोषवाऱ्यांचा हिशोब आहे. त्यातले जेमतेम 37 टक्के पुढे पूर्ण निबंध म्हणून छापले गेले. आणि ज्यांचे निष्कर्ष "सकारात्मक" होते ते छापले जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे बहुतेक वेळा गोषवारा हाच त्या संशोधनाचा पहिला आणि शेवटचा शब्द असतो. बातमीदार तोच वाचतो, कात्रण त्याचंच होतं, आणि फॅमिली ग्रुपवर तेच येतं.

म्हणून आरोग्याची पानं भरणाऱ्या मित्रांना एकच विनंती. "दुप्पट धोका" छापण्याआधी संशोधकाला विचारा: शंभरात किती, आणि कितीजण मध्येच गळाले? उत्तर मिळालं नाही तर बातमी एक दिवस थांबवा. काही बिघडत नाही.

आणि वहिनीसारख्यांना, म्हणजे आपल्यालाच. एखादी रात्र कमी झोप झाली म्हणून पहारा बसवू नका. झोपायची-उठायची वेळ ठरलेली असू द्या. झोप कमी होऊनही माणूस थकत नाहीये, उलट जोर चढलाय, बोलणं आणि खर्च वाढलाय असं लागोपाठ दोन-तीन दिवस दिसलं तर डॉक्टरांना फोन करा. गोळ्या मनाने वाढवू-घटवू नका, झोपेच्या गोळ्याही नाहीत.

भाचीने बाराला सात मिनिटं कमी असताना गोषवारा पाठवला, सरांना विचारून, आम्ही केलेल्या रूपातच. सर म्हणाले म्हणे, "पाठव, बघू." व्यासपीठ मिळालं की पोस्टर, ते अजून कळलेलं नाही.

दादाला मी ही पोस्ट वाचून दाखवली. वही त्याने कधीच माळ्यावर टाकलीय. म्हणाला, "ते चाळीस गळाले ना, त्यातला एक मी पण होतो बरं का. सत्त्याण्णव साली एका डॉक्टरांच्या अभ्यासात होतो. मध्येच आजार उलटला, गेलोच नाही परत. त्यांनी मला कशात धरलं असेल रे?"